मदत हवी आहे: केस-कंट्रोलमध्ये रिस्क रेशो काढला तर चुकतं कुठे?

मधुरा_पीएसएम
उद्या सकाळी सेमिनार आहे आणि सरांनी माझ्या प्रिंटवर लाल पेनाने "आरआर नाही" एवढंच लिहून परत दिलंय. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा डेटा आहे, ओढणारे 647, न ओढणारे 2, मी टक्के काढून भागाकार केला तर 7.4 आलं, नोट्समध्ये 14 दिलंय. चार वेळा तपासलं. पटकन सांगा.

गोदाकाठ
647 कितीपैकी? कंट्रोल्सचे आकडे कुठे आहेत? डॉल आणि हिलचा 1950 चा लंडनचा अभ्यास आहे का हा?

मधुरा_पीएसएम
हो तोच, पुरुषांचं टेबल. 649 कॅन्सरवाले, 649 कंट्रोल. कंट्रोलमध्ये 622 ओढणारे, 27 न ओढणारे. मी 1269 पैकी 647 म्हणजे 51 टक्के, 29 पैकी 2 म्हणजे 6.9 टक्के असं केलं.

रानवारा
माझे काका चाळीस वर्षं बिडी ओढत होते, आता दम लागतो, पण सोडवत नाही. कुणी चांगलं केंद्र सुचवेल का?

निवांत
मधुरा, केस-कंट्रोलमध्ये ऑड्स रेशो म्हणजेच रिस्क रेशो असतो, फक्त नाव वेगळं. धोका 14 पट असं लिहून टाक, विषय संपला.

गोदाकाठ
निवांत, इतकं सरळ नाहीये ते. मधुरा, तुझ्या 51 टक्क्यांकडे नीट बघ. लंडनमधल्या ओढणाऱ्यांपैकी निम्म्यांना कॅन्सर होत होता का? नाही ना. ते 51 टक्के आले कारण अभ्यास करणाऱ्यांनीच एका पेशंटमागे एक कंट्रोल घ्यायचं ठरवलं. समज, त्यांनी एकामागे दोन घेतले असते आणि सवयींचं प्रमाण तेच निघालं असतं, म्हणजे 1244 आणि 54. आता तुझ्या पद्धतीने परत काढ.

मधुरा_पीएसएम
काढलं. 1891 पैकी 647 म्हणजे 34.2 टक्के, 56 पैकी 2 म्हणजे 3.6 टक्के, भागाकार 9.6! रोग तोच, सिगारेट तीच, आणि उत्तर बदललं??

गोदाकाठ
हेच सरांना म्हणायचंय. आता उलट बाजूने बघ. आजारी लोकांमध्ये ओढणारे आणि न ओढणारे 647 ला 2, कंट्रोल्समध्ये 622 ला 27.

```
(647 × 27) / (622 × 2) = 14.04
```

कंट्रोल दुप्पट केलेस तरी 622 आणि 27 दोन्ही दुप्पट होतात, 14 जागचं हलत नाही. किती कंट्रोल घ्यायचे हा आपला निर्णय, तो उत्तरात शिरता कामा नये.

सांगलीकर
पण मग ऑड्स रेशोवर विश्वास कसा ठेवायचा? आमच्या हॉस्टेलमध्ये श्रीखंडातून विषबाधा झाली तेव्हा मी स्वतः यादी केली होती, खाल्लेल्या 80 पैकी 60 आजारी, न खाल्लेल्या 80 पैकी 20. ऑड्स रेशो 9 आला, आणि मी बैठकीत "नऊ पट धोका" सांगून बसलो. एका मॅडमनी तिथेच थांबवलं.

गोदाकाठ
बरोबरच थांबवलं. तुझ्याकडे मेसमधली सगळी माणसं होती, म्हणजे खरा धोका मोजता येत होता, 75 टक्के आणि 25 टक्के, तीन पट. आजार इतका सर्रास असला की ऑड्स रेशो फुगतो. फुप्फुसाचा कॅन्सर मात्र गावात शंभरात एखाद्यालाही एका वर्षात होत नाही, त्यामुळे निरोगी माणसं म्हणजे जवळपास सगळं गावच, आणि तिथे 14 हा रिस्क रेशोच्या जवळ जातो. निवांतचं म्हणणं इथे चालून गेलं ते एवढ्यामुळेच.

निवांत
मग मी बरोबरच होतो की!

गोदाकाठ
या आजारापुरता. नियम म्हणून नाही. आणि कंट्रोल्स म्हणजे त्याच हॉस्पिटलांतले दुसऱ्या आजारांचे पेशंट होते, त्यातल्या काहींचे आजारही सिगारेटमुळेच झालेले असतील, म्हणजे खरा आकडा 14 पेक्षा मोठाही असू शकतो.

मधुरा_पीएसएम
कळलं, थँक्यू! "धोका 14 पट" ऐवजी "ऑड्स 14 पट" लिहिते. पण न ओढणारे फक्त 2 आहेत, सर तिथे धरतील का?

गोदाकाठ
नक्की धरतील. 95 टक्क्यांचं इंटरव्हल साधारण 3.3 ते 59 येतं, ते स्लाइडवर ठेवच. त्या दोनाचे तीन झाले तरी 14 चे 9.3 होतात.

सांगलीकर
पण वय आणि हॉस्पिटल बघून जोड्या लावल्या होत्या ना? मग मॅकनेमार नको का, जोडीजोडीने?

गोदाकाठ
त्याला प्रत्येक जोडीची माहिती लागते, या टेबलात ती नाहीये. जोड्या मोडून काढलेला आकडा किती चालतो यावर आमच्या डिपार्टमेंटमध्येही दोन तट आहेत.

निवांत
मोडून चालतं, सगळे तेच करतात.

सांगलीकर
सगळे करतात म्हणून बरोबर होत नाही. आमचंही तसंच झालं होतं.

मधुरा_पीएसएम
जोड्यांचं सरांनाच विचारते. रानवारा, काकांसाठी जवळच्या जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र आहे का ते आधी विचारा, आणि दम लागतोय तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात उशीर नको.