शब्दचर्चा: 'सुखकर्ता दुखहर्ता'मधले पाठभेद – कुठला ठेवायचा?

पानसुपारी: सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी आरत्यांची पत्रिका छापतोय. समोर चार छापील प्रती आहेत: आजीची जुनी बांधीव आरतीसंग्रहाची, एका मंडळाची जाहिरातींनी भरलेली पुस्तिका, पंचांगाचं मागचं पान आणि बाजारातली लहान पुस्तिका. 'उटी शेंदुराची' की 'ओटी'? 'फणिवरबंधना' की 'फणिवरवंदना'? 'संकटी पावावे' की 'संकष्टी'? आजीच्या प्रतीत उटी, बंधना, संकटी आहे. उरलेल्या तिन्हींत ओटी, वंदना, संकष्टी.

घुमटवाला: आमच्या गोव्यात घुमट आरतीला शब्द असे लांबवतात की संकटी काय, संकष्टी काय, कळतच नाही. तुम्ही कुठल्या चालीत म्हणता? आणि मधलं 'हो श्री मंगलमूर्ती' छापणार का?

पानसुपारी: चालीचं नाही हो, छपाईचं विचारतोय. 'हो श्री' लोक आपोआप म्हणतात, ते छापत नाही.

कोल्हापुरी चप्पल: सोपं आहे. तीन विरुद्ध एक. बहुमताचं घ्या.

जुनीपोथी: बहुमत मोजण्याआधी त्या तीन प्रती एकमेकींवरून उतरवलेल्या नाहीत ना ते बघा. 'कंठी झळके माळ मुक्ताफळांची' ही ओळ काढा. तिन्हींत 'फळांची'वरचा अनुस्वार गळलाय का?

पानसुपारी: गळलाय. आणि 'त्रिनयना'पुढे तिन्हींत चुकीचा दंड पडलाय, तोही त्याच जागी.

जुनीपोथी: मग तिघींची मिळून एकच साक्ष. एकाच जागी एकच चूक योगायोगाने तीनदा होत नाही, कुणीतरी कुणाचं तरी उतरवलंय. आता मत मोजायला एकास एक उरले, तेव्हा अर्थाकडे वळा. उटी म्हणजे अंगाला लावायचा लेप, चंदनाची उटी म्हणतो तीच. 'सर्वांगी' हा शब्द शेजारीच आहे. ओटी सर्वांगाला कशी लावणार?

शब्दवेडी: ओटीबद्दल मान्य. पण वंदना का नको? शेषही ज्याला वंदन करतो तो, असा अर्थ नीट लागतो की.

जुनीपोथी: लागतो, म्हणूनच ही चूक टिकते. पण ओळ वाचून बघा: 'लंबोदर पीतांबर फणिवरबंधना, सरळ सोंड वक्रतुंड त्रिनयना'. पोट, वस्त्र, मग सोंड, डोळे. डोळ्यांपुढे मूर्ती ठेवून वर्णन चाललंय. त्या ओळीत पोटाला बांधलेला नाग बसतो. पुष्कळ जुन्या मूर्तींत पोटावर नागाचा पट्टा कोरलेला दिसतो, आणि चंद्र हसला ती गोष्ट तर घराघरांत सांगतात. शिवाय कडव्याच्या शेवटी 'सुरवरवंदना' आहेच. खालची ओळ डोक्यात घोळत असताना वर बंधनाचं वंदना होणं अगदी सहज. उलटं होणं कठीण.

शब्दवेडी: बरं, पटलं. मग संकष्टी? मात्रा मोजा. 'संकष्टी पावावे' बारा, 'निर्वाणी रक्षावे' बारा. 'संकटी' घेतलं की अकराच होतात. वृत्त माझ्या बाजूने आहे!

जुनीपोथी: हा मुद्दा मला आवडला, पण वरची ओळ मोजा. 'सुखकर्ता दुखहर्ता वार्ता विघ्नाची' बावीस, 'नुरवी पुरवी प्रेम कृपा जयाची' एकोणीस. रचनाच मात्रांत काटेकोर नाही, तेव्हा मात्रेवरून निकाल लावता येत नाही. 'संकटी' म्हणजे संकटात. ही जुनी सप्तमी आता बोलण्यात उरली नाही, म्हणून कानाला ओळखीचं 'संकष्टी' जवळचं वाटतं. आणि जोडीला 'निर्वाणी' आहे, म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी. संकटात पाव, शेवटच्या क्षणी राख. फक्त चतुर्थीला पाव म्हणण्यात काय अर्थ?

कोल्हापुरी चप्पल: आमच्या घरी संकष्टीचा उपास असतो, त्यामुळे संकष्टीच म्हणणार 🙂

पानसुपारी: म्हणा की. छापायचा प्रश्न आहे, तोंडं बंद करायचा नाही. आणखी एक: 'मनकामना पुरती' की 'पूर्ती'?

शब्दवेडी: पूर्ती. शुद्ध शब्द, मूर्तीशी यमकही चोख.

जुनीपोथी: यमक चोख होतं, पण वाक्य लंगडतं. 'पुरती' हे क्रियापद, म्हणजे पुरतात. दर्शनमात्रे कामना पुरतात. पूर्ती घेतलीत तर क्रियापदच उरत नाही. 'मनःकामना' लिहावं का, यावर मात्र मी ठाम नाही. विसर्गाने संस्कृत साधतं, पण म्हणताना सगळे मनकामनाच म्हणतात.

पानसुपारी: विसर्ग नको, आजीच्या प्रतीतही नाही. उटी, बंधना, संकटी, पुरती ठेवतो. संकष्टीवरून समितीत दोन गट आहेतच, ते सभेत भांडतील. पत्रिका गुरुवारी छपाईला जाते.

घुमटवाला: दुर्गेच्या आरतीचंही बघा. आमच्याकडे 'वारी वारी'वरून असाच घोळ आहे.