पहिल्या रिकाम्या ओळीचा एक गुण: ताऱ्यांच्या नमुन्यावरून वाद

मुलीचा बाप: माझ्या मुलीने अकरावीच्या चाचणीत पुढील प्रोग्रामचे आउटपुट एक, दोन, तीन तारे असे तीन ओळींत लिहिले. वर एक रिकामी ओळ हवी होती, म्हणून दोनपैकी एक गुण कापला. जी ओळ दिसतच नाही, तिच्यासाठी गुण कापणे हा शुद्ध आडमुठेपणा नाही का?

```python
for i in range(4):
    for j in range(i):
        print("*", end="")
    print()
```

खडूफळा: गुण कापला ते योग्यच झाले, कारण या प्रश्नाचा सगळा जीव त्या रिकाम्या ओळीत आहे. बाहेरच्या लूपमध्ये i ची किंमत 0, 1, 2, 3 अशी बदलते. पहिल्या फेरीत `range(0)` काहीच देत नाही, त्यामुळे आतले लूप एकदाही चालत नाही. परंतु शेवटची `print()` बाहेरच्या लूपच्या पातळीवर असल्याने ती चालते आणि ओळ बदलून मोकळी होते. म्हणजे तारे 0+1+2+3 असे सहा, आणि ओळी मात्र चार. मी मुलांना ड्राय रन करताना i, j आणि ‘काय छापले’ असे तीन रकाने आखायला लावतो. i शून्य असताना j च्या रकान्यात रेघ मारावी लागते, आणि ती रेघ मारणारा विद्यार्थी ही ओळ विसरत नाही. आपल्या मुलीने त्रिकोण ओळखला, प्रोग्राम वाचला नाही.

सांगलीकर: आतले लूप रिकामे राहते हे मान्य, पण मग ती फेरीच वाया गेली असे धरायला नको का? `print()` आतल्या लूपला जोडूनच आलेली आहे, त्यामुळे तारे नाहीत तर ओळही नाही. मुलीचे उत्तर बरोबर आहे.

खडूफळा: जोडून आलेली असली, तरी ती आतल्या लूपमध्ये नाही, डावीकडचा इंडेंट मोजून पाहा. ती आणखी चार जागा आत सरकवली, तर प्रत्येक ताऱ्यानंतर ओळ बदलेल आणि एकेक तारा असलेल्या सहा ओळी मिळतील. तेव्हा वरची रिकामी ओळ खरोखरच नाहीशी होईल, पण त्रिकोणही नाहीसा होईल. मुलीचे उत्तर दोन्हींपैकी कशाशीही जुळत नाही.

जुना लॅबवाला: आमच्या लॅबमध्ये पायथनची 2.7 आवृत्ती होती आणि आम्ही `print "*",` असे लिहीत असू. `end=""` पाहताच तिथे सिंटॅक्स एरर आला असता. मी घरी नव्या आवृत्तीत लिहून नेलेला प्रोग्राम परीक्षकांनी त्या जुन्या यंत्रावर चालवला आणि मला नापास केले, त्याचे दुःख एका गुणापेक्षा मोठे आहे.

खडूफळा: पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. आपल्या दुःखाचा या प्रश्नाशी संबंध नाही.

मुलीचा बाप: तुम्ही दोघे आवृत्त्यांवर भांडा, पण मला एवढेच सांगा की कागदावर रिकामी ओळ लिहायची कशी? पडद्यावर ती आपोआप उमटते. उत्तरपत्रिकेत मुलीने एक ओळ सोडून लिहिले असते, तरी तपासणाऱ्याला ती प्रश्नक्रमांकाखाली सहज सोडलेली जागाच वाटली असती.

खडूफळा: ही अडचण खरी आहे, आणि ती मान्य करताना मला आनंद होत नाही. मी मुलांना तिथे ‘रिकामी ओळ’ असे शब्दांत लिहायला सांगतो. पण असे लिहावे हे प्रश्नपत्रिकेत कुठेच छापलेले नसते.

सांगलीकर: तर मग प्रश्नच बदलावा. `print()` ऐवजी `print(j)` लिहिले, की i शून्य असताना j जन्मालाच आलेला नसतो, त्यामुळे पहिल्याच फेरीत `NameError` येतो. कागदावर एका शब्दात उत्तर लिहिता येते, आणि आतले लूप न चालल्याचे ज्याला कळले तोच ते लिहू शकतो.

जुना लॅबवाला: तुम्ही चालवून न पाहता बोलता. मी आत्ताच नोटबुकमध्ये चालवले आणि मला एररऐवजी हे मिळाले:

```
2
*0
**1
***2
```

खडूफळा: आपण त्याच नोटबुकमध्ये आधी मूळ प्रोग्राम चालवला असणार. त्याच्या शेवटच्या फेरीतला j, म्हणजे 2, लूप संपल्यावरही मागे राहिला आणि तोच पहिल्या ओळीत छापला गेला. कर्नल पुन्हा सुरू करून पाहा.

जुना लॅबवाला: पुन्हा सुरू केला, आणि एरर आला. सांगलीकरांचे या एका बाबतीत बरोबर निघाले, याची नोंद घेतली आहे.

मुलीचा बाप: अभिनंदन. मुलीचा गुण मात्र अजून गेलेलाच आहे. उद्या उत्तरपत्रिका पाहायला जाईन, तेव्हा ते तीन रकाने सोबत नेतो.