मदत हवी आहे: वायपर मोटर उलटी फिरवताना सप्लाय बंद पडतोय

मंडळी, उद्यमनगरात भावाच्या वर्कशॉपमध्ये छोट्या ट्रॉलीला जुन्या गाडीची १२ व्होल्टची वायपर मोटर बसवली आहे. चार मॉसफेटचा एच-ब्रिज, २० किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएम. एका बाजूचे वरचे-खालचे मॉसफेट आलटून पालटून चालतात, मध्ये डेड-टाइम आहे.

आधी फुल स्पीडवरून थेट दिशा बदलायचो. दोन मॉसफेट गेले, तेव्हा गणित केलं. वायंडिंगचा रेझिस्टन्स ०.८ ओहम, म्हणजे जाम झाली तर १५ अँपियर. पण फिरती मोटर स्वतःच १० व्होल्टच्या आसपास तयार करते, ते उलट दिशेत सप्लायला मिळतात. २२ भागिले ०.८, सरळ २७ अँपियर! संरक्षणाला लावलेले 1N4007 सुद्धा या फ्रिक्वेन्सीला फार मंद, म्हणून शॉटकी लावले.

आता पीडब्ल्यूएम शून्यावर आणून मगच दिशा बदलतो. बॅटरीवर झकास चालतंय. एसएमपीएसवर मात्र ड्युटी झटकन कमी केली की सप्लायच बंद! मीटरवर १२ चे १७ व्होल्ट दिसले. माझ्या मते ब्रिज बूस्ट कन्व्हर्टरसारखा वागून मोटरची ऊर्जा मागे ढकलतोय, आणि एसएमपीएस ती घेत नाही.

४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरेल, की १४ व्होल्टला चालू होणारा ब्रेक रेझिस्टरच लागेल? रॅम्प लांबवला तर ट्रॉली स्टॉपरवर आदळते, तो मार्ग सोडून सांगा.