'टायडल व्हॉल्यूम', 'पीप' आणि 'प्रोन' यांना मराठीत काय म्हणायचं?

मेधा_प : आयसीयूतल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय, एआरडीएस म्हणजे फुप्फुसं पाण्यानं भरण्याचा गंभीर आजार, तो झालेल्यांना व्हेंटिलेटरवर कसं ठेवतात त्याबद्दल. 'लो टायडल व्हॉल्यूम'ला मी 'कमी हवा' लिहिलं तर नवरा म्हणाला, हे वाचून लोक भांडायला येतील, आमच्या माणसाला हवा कमी का देताय म्हणून. पीप आणि प्रोनवर पण अडलेय.

शब्दवेडा : टायडल म्हणजे भरती-ओहोटीचा. 'भरतीश्वास' करा की, सोपं आहे.

मेधा_प : हॉस्पिटलात भरती म्हणजे अॅडमिट हो 😄

आयसीयूवाला : तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. हवा कमी नसते, एका वेळचा घोट लहान असतो आणि घोट जास्त वेळा देतात, मिनिटाला पंचवीस-तीस वगैरे. एआरडीएसमध्ये फुप्फुसाचा बराच भाग पाण्यानं भरून मिटलेला असतो, उघडा भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरतो, त्यात मोठ्या माणसाचा घोट कोंबला की तो चांगला भागच ताणून खराब होतो. म्हणून मी तरी 'लहान श्वास' म्हणेन.

राजू_नाशिक : बरोबर, वजनाच्या किलोमागे ६ मिली देतात. ८० किलोच्या माणसाला ४८०.

आयसीयूवाला : राजूभाऊ ६ बरोबर, वजन चुकलं. काट्यावरचं वजन नाही, उंचीवरून काढलेलं. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही ना. एक बाई होत्या आमच्याकडे, उंची १५५ सेंमी, वजन ८२. बायकांसाठी उंचीतून १५२.४ वजा करायचे, उरेल त्याला ०.९१ नं गुणून ४५.५ मिळवायचे, आले साधारण ४८ किलो. म्हणजे श्वास २९० मिलीचा. तुमच्या हिशोबानं ४९० गेला असता, जवळजवळ पावणेदोन पट. किलोला १२ आणि ६ ची तुलना अमेरिकेत झाली, २००० साली छापून आली, १२ वाल्यांत सुमारे ४० टक्के गेले आणि ६ वाल्यांत ३१. लहान श्वासानं कार्बन डायऑक्साइड थोडा साचतो, तो बेतानं चालवून घ्यायचा.

राजू_नाशिक : ओके हे माहीत नव्हतं. पण मग पीप जास्त ठेवलं की फुप्फुस उघडेल ना, जितकं जास्त तितकं चांगलं?

शब्दवेडा : पीप म्हटलं की मला तेलाचं पीपच दिसतं. 'उच्छ्वासान्त धन दाब' कसं वाटतं?

मेधा_प : तेराव्याला वाचायचा मजकूर वाटतो.

आयसीयूवाला : 😂 श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब शिल्लक ठेवायचा म्हणजे उघडलेले कप्पे परत मिटत नाहीत, इतकंच आहे ते. आणि राजूभाऊ, जास्त म्हणजे चांगलं असं नाही. त्याच बाईंना पीप ८ वर श्वास आत थांबवून दाब मोजला तर २५, म्हणजे फरक १७. पीप १२ केलं तर २६, फरक १४. म्हणजे नवे कप्पे उघडले, तेवढाच श्वास कमी जोरात मावला. मग १६ केलं, दाब ३३, फरक परत १७ आणि बीपी पण घसरलं, म्हणजे आता उघडत नव्हतं, नुसतं ताणत होतं. मागे १२ वर आलो. वरचा दाब ३० च्या आत ठेवायचा. तरी दर वेळी इतकं स्वच्छ उत्तर मिळत नाही, पीप नेमकं किती यावर आम्हीच भांडतो.

सुनंदाताई : माझ्या भावाला कोविडमध्ये घरीच पालथं झोपायला सांगितलं होतं, ऑक्सिजन ८९ चा ९४ झाला. तेच ना हे प्रोन?

सिस्टर_वाई : ताई तुमचा भाऊ जागा होता, स्वतः वळत होता. व्हेंटिलेटरवरच्या गुंगीतल्या माणसाला वळवायला आम्ही पाच जण लागतो, एक जण फक्त डोक्याशी, नळी धरून. १६ तास तरी तसं ठेवायचं, तोंड अधूनमधून या कुशीचं त्या कुशीला, नाहीतर गालाला हनुवटीला जखमा होतात. तोंड सुजतं ते बघून नातेवाईक घाबरतात, ते पत्रकात नक्की लिहा.

आयसीयूवाला : त्या बाईंना ७० टक्के ऑक्सिजनवर रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ७५ च होता. ७५ भागिले ०.७, साधारण १०७. लहान श्वास, पीप सगळं नीट करून हा भागाकार १५० च्या खाली राहिला की पालथं करायचं. पाठीकडचा भाग मिटलेला असतो पण रक्त तिकडेच जास्त जातं, पालथं केलं की तो उघडतो आणि हृदयाचा भारही फुप्फुसावरून उतरतो.

शब्दवेडा : 'पालथं घातलं' लिहू नका मात्र, भांडं पालथं घालतात.

मेधा_प : 'पोटावर झोपवणे' लिहिते. 'लहान श्वास' पक्कं. पीपला 'टेकू दाब' चालेल का?

सिस्टर_वाई : टेकू कळेल लोकांना. पण राउंडवर डॉक्टर पीपच म्हणणार आणि नातेवाईक तेच ऐकून येणार, दोन्ही लिहा.

शब्दवेडा : टेकू खालून लावतात, हा आतून आहे. 'शिल्लक दाब' बघा.

राजू_नाशिक : शिल्लक म्हटलं की बँक आठवते.