मदत हवी आहे: ४ टीबीच्या तीन डिस्क आणि एक जुनी ३ टीबी, रेड ५ करू की १०?

खानापूर_स्टुडिओ
नमस्कार मंडळी. खानापुरात माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. आजवर सगळं सुट्या हार्डडिस्कवर ठेवत आलो, गेल्या महिन्यात त्यातली एक टकटक आवाज करत बंद पडली आणि नंदगडच्या एका लग्नाचं हळदीचं फुटेज गेलं, त्या मुलीच्या आईला काय सांगायचं तेच कळेना. आता नेटवर्कला जोडायचा चार डिस्कचा नॅस घेतलाय. ४ टीबीच्या तीन नव्या डिस्क आहेत आणि घरात पडलेली एक ३ टीबीची. आत्ता डेटा ५ टीबीच्या आसपास आहे, वर्षाला दीडेक टीबी वाढतो. एखादी डिस्क गेली तरी डेटा राहावा म्हणून चारी डिस्क एकत्र जोडून रेड ५ करू की १०? जागा किती मिळेल आणि स्पीडचा फरक पडेल का?

निपाणीकर
दादा, डोळे झाकून रेड १० करा. कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो आणि स्पीड पण डबल. माझ्याकडे तेच आहे, आजवर काही झालं नाही.

टिळकवाडी_नेटवर्क
निपाणीकर, कुठल्याही दोन नाही हो. १० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात, दोन वेगवेगळ्या जोड्यांतली एकेक गेली तर चालतं, पण एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या की सगळाच डेटा गेला. खरंच कुठल्याही दोन गेल्या तरी चालायला हवं असेल तर रेड ६.

आता खानापूरवाले, तुमचा हिशोब. रेडमध्ये प्रत्येक डिस्क सगळ्यात लहान डिस्कएवढीच धरतात, म्हणजे ती जुनी ३ टीबी घातली की बाकीच्या तिन्ही पण ३ च्याच. रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या हिशोबाला जाते, म्हणून ३ गुणिले ३ असे ९ टीबी. रेड १० मध्ये निम्मी जाते म्हणजे ६, रेड ६ मध्ये पण ६ च. आणि ती जुनी डिस्क बाजूला ठेवून नुसत्या तीन नव्यांचं रेड ५ केलं तर ४ गुणिले २ असे ८ टीबी. म्हणजे जुनी डिस्क घालून तुम्हाला मिळतो फक्त १ टीबी, आणि वर सगळ्यात म्हातारी डिस्क आत घेतल्याचा धोका. मी तर ती घालणार नाही. (विंडोजमध्ये ८ टीबी साधारण ७.२८ दिसेल, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी.)

स्पीडचं म्हणाल तर रेड ५ मध्ये छोटं काही लिहायचं झालं की आधी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचायची, मग दोन्ही नवीन लिहायच्या, असे चार फेरे होतात, १० मध्ये दोनच. पण तुमच्या फाईली मोठमोठ्या, त्या सलग लिहिल्या जातात, आणि नॅसला गिगाबिट केबल असेल तर तीच ११० एमबी सेकंदाच्या आसपास अडते. त्यामुळे ५ आणि १० चा फरक तुम्हाला जाणवणारच नाही. एडिटिंगचा कॅटलॉग तेवढा कॉम्प्युटरच्या एसएसडीवर ठेवा.

चिकोडी_अकाउंट्स
आमच्या पतसंस्थेत रेड १ होतं. पोराने चुकून मार्चचं फोल्डर डिलीट केलं, दोन्ही डिस्कवरनं एकदमच गेलं! मग रेडचा उपयोग काय?

टिळकवाडी_नेटवर्क
काका, रेड डिस्क मेल्यावर वाचवतं, डिलीटपासून नाही, त्याला बॅकअपच लागतो. म्हणूनच खानापूरवाल्यांनी ती ३ टीबी बाहेर ठेवून चालू सीझनची लग्नं तिच्यावर कॉपी करावीत आणि ती डिस्क घरी न्यावी.

खानापूर_स्टुडिओ
खूप मोलाचं सांगितलंत. अजून एक, डिस्क गेली हे कळणार कसं? आणि इकडे पावसात लाईट सारखी जाते, त्याचं काय?

टिळकवाडी_नेटवर्क
ईमेल अलर्ट आधी चालू करा. एक डिस्क गेली तरी फाईली उघडत राहतात, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. लिनक्सवाला नॅस असेल तर हे बघा:

```
cat /proc/mdstat
```

सगळं ठीक असेल तर `[UUU]` दिसतं, एक गेली की `[UU_]`. नवी डिस्क घातल्यावर रीबिल्ड होतं, म्हणजे तिचा डेटा परत भरला जातो, ४ टीबी सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने भरायला साडेसात तास लागतात, काम चालू असेल तर दिवस-दीड दिवस सुद्धा. त्या वेळात उरलेल्या दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात आणि नेमकं तेव्हाच एखादं खराब सेक्टर निघालं तर तेवढा भाग परत येत नाही. म्हणून महिन्याला एकदा स्क्रब लावा, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून तपासल्या जातात. लिहिताना लाईट गेली की डेटा आणि पॅरिटीचा मेळ चुकू शकतो, तेव्हा युपीएस हवाच, आणि त्याची युएसबी वायर नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी उतरायच्या आत तो आपणहून बंद होईल.

निपाणीकर
माझी चूक, कबूल. पण चौथी ४ टीबी घेतली तर? १० आणि ६ दोन्हीत ८ च मिळतात, मग १० च बरं ना, रीबिल्डला नुसती जोडीदाराची कॉपी करायची असते.

टिळकवाडी_नेटवर्क
मुद्दा बरोबर आहे, मी ६ घेईन, तुम्ही १० घ्या, दोन्ही चालतं. चौथी घेऊन ५ च केलं तर १२ टीबी मिळतात. पण खानापूरवाले, आधी तिन्ही डिस्कचे मॉडेल नंबर इथे टाका. त्या एसएमआर, म्हणजे एकमेकांवर थोडे चढलेले ट्रॅक लिहिणाऱ्या निघाल्या तर रीबिल्डला फारच रखडतात, मग हा सगळा विचार परत करावा लागेल.

खानापूर_स्टुडिओ
संध्याकाळी खोक्यावर बघून टाकतो. तोवर चालू सीझनची लग्नं त्या ३ टीबीवर कॉपीला लावलीत.