मदत हवी आहे: हार्ट फेल्युअर असलेल्या वडिलांचे वजन रोज थोडेथोडे वाढते आहे, डॉक्टरांना कळवावे का?

निळी वही (सोमवार, सकाळी)

माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. हृदयाचे पंपिंग कमी झाल्यामुळे अंगात आणि फुफ्फुसांत पाणी साठले होते, म्हणून त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि साधारण महिन्यापूर्वी ते घरी आले. डिस्चार्ज कार्डावर रोज सकाळी वजन करण्याची सूचना आहे. एका दिवसात एक किलोपेक्षा जास्त किंवा तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढले तर त्वरित कळवावे, असेही तेथे स्पष्ट लिहिले आहे.

मी रोजच्या नोंदी वहीत ठेवतो. पहिले तीन आठवडे आकडा ६१.० ते ६१.४ किलो यांच्या मध्येच राहिला. मागच्या मंगळवारपासूनच्या नोंदी अशा आहेत: मंगळवार ६१.३, बुधवार ६१.६, गुरुवार ६१.९, शुक्रवार ६२.३, शनिवार ६२.४, रविवार ६२.९ आणि आज सोमवारी ६३.२. कोणत्याही एका दिवसात अर्ध्या किलोच्या वर वाढ झालेली नाही आणि तीन दिवसांची बेरीजही दोन किलोपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे कार्डावरची मर्यादा ओलांडली गेलेली नाही. पायांवर सूज दिसत नाही. घरी आल्यापासून त्यांचे जेवण सुधारले आहे, त्यामुळे ही वाढ अंगी लागल्याचीच असावी, असे घरातील सर्वांचे म्हणणे आहे. पुढची भेट दहा दिवसांनी आहे. तोपर्यंत थांबावे की आजच फोन करावा?

चालतबोलत

हृदयविकारात वजन आटोक्यात ठेवणे आवश्यकच असते. रोज अर्धा तास चालणे आणि रात्रीचे जेवण हलके ठेवणे यामुळे माझे वजन चार महिन्यांत सहा किलोंनी उतरले. वडिलांनाही हळूहळू चालायला लावावे.

निळी वही

आपल्या उत्तराबद्दल आभार, परंतु माझा प्रश्न लठ्ठपणाविषयी नाही. सहा दिवसांत वाढलेले १.९ किलो म्हणजे अंगात साठलेले पाणी आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

पहाटपाळी

मी हार्ट फेल्युअरच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका आहे आणि वजनाच्या अशा वह्या तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते: फोन आजच करावा.

कार्डावरची मर्यादा पाणी झपाट्याने साठत असेल तर ते सुटू नये म्हणून आखलेली असते. आपल्या वहीत ते संथपणे, पण एकाच दिशेने साठताना दिसते. आपण प्रत्येक आकड्याची तुलना आदल्या दिवसाशी करत आहात आणि तशी तुलना केली की प्रत्येक वाढ किरकोळच वाटते. तुलना करायची ती कोरड्या वजनाशी, म्हणजे अंगातले जादा पाणी निघून गेल्यानंतर घरच्या काट्यावर स्थिर राहिलेल्या वजनाशी. वडिलांच्या बाबतीत ते ६१.२ च्या आसपास आहे, म्हणजे आज ते त्याच्या दोन किलो वर आहेत. आठवडाभरात सव्वादोन किलो वाढ ही मर्यादाही पुष्कळ ठिकाणी दिली जाते आणि आपण तिच्या अगदी जवळ पोहोचला आहात. शिवाय सहापैकी सहा दिवस आकडा वरच गेला आहे. पोट साफ न होणे किंवा आदल्या रात्री उशिरा झालेले जेवण यांमुळे आकडा अर्धा किलो हलू शकतो, परंतु मग तो एक-दोन दिवसांत खालीही येतो.

अंगी लागण्याच्या शंकेचा हिशेब करून पाहावा. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे साडेसात हजार कॅलरी जादा पोटात जाव्या लागतात. सहा दिवसांत १.९ किलो चरबी वाढायची असेल, तर वडिलांना रोज आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वर आणखी एका धडधाकट माणसाचे दिवसभराचे जेवण जेवावे लागले असते. पाण्याचा हिशेब याहून सोपा आहे: एक लिटर म्हणजे एक किलो.

पाय कोरडे दिसतात यावरही विसंबू नये. हृदयाकडून पुढे जाणारे रक्त कमी पडले की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी अंगातच धरून ठेवू लागतात. घोट्यावर बोट दाबल्यावर खड्डा पडण्याइतकी सूज येईपर्यंत पुष्कळदा काही लिटर पाणी जमलेले असते. काटा ते त्याच्या कित्येक दिवस आधी दाखवतो, म्हणून तर रोज वजन करायला सांगतात.

फोन करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात, कारण डॉक्टर त्या विचारतीलच. वडील रात्री उताणे झोपू शकतात का, की उशी वाढवावी लागते? काटा त्याच जागी, त्याच फरशीवर आहे ना? आणि गेल्या आठ-दहा दिवसांत एखादे नवे औषध सुरू झाले आहे का? मात्र बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखले किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर फोनची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्यावे.

सरळरेषा

फोन करावाच, परंतु माझा अनुभव असा आहे की पिण्याचे पाणी एक लिटरवर आणले आणि लघवी होण्याची गोळी दोन दिवस दुप्पट घेतली की वजन खाली येते. माझे काका अनेक वर्षे हेच करतात आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांना त्रास देत नाहीत.

पहाटपाळी

आपल्या काकांना त्यांच्या डॉक्टरांनी तसे लिहून दिलेले असू शकते. काही रुग्णांना अमुक वजन झाले तर अमुक दिवस जादा गोळी घ्यावी, अशी लेखी मुभा असते आणि ती उपयोगी पडते. धागा सुरू करणाऱ्यांच्या कार्डावर तशी सूचना नाही. ती नसताना गोळी दुप्पट केली, तर रक्तदाब घसरू शकतो, पोटॅशियम खालीवर होऊ शकते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. पाणी किती प्यावे हेही प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे ठरते. माझ्या मते पाण्याच्या आधी मिठाकडे पाहावे, कारण अंगात पाणी धरून ठेवते ते मीठ. फक्त बाजारात कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही गोळ्यांसोबत ते धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

उंबरठा

आमच्याकडे याच्या नेमके उलट घडले, म्हणून लिहीत आहे. माझ्या आईचे वजन चार महिने ५४ किलोवर जवळजवळ स्थिर होते आणि त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. तिला मात्र जिना चढताना दम लागू लागला होता आणि आडवे पडले की खोकला येई. तपासणीत अंगात बरेच पाणी निघाले. त्या काळात तिची भूक गेली होती, दंड आणि मांड्या बारीक झाल्या होत्या. स्नायू झिजून जितके वजन कमी झाले तितकेच पाण्याने भरून काढले आणि काटा होता तेथेच राहिला. उपचारांनंतर डॉक्टरांनी तिचे कोरडे वजन ५१ ठरवले. काटा काही सांगत नाही म्हणून सर्व ठीक आहे, असे मानून आम्ही तीन आठवडे गमावले. हे आधी कसे ओळखता आले असते, हे मला अजूनही उमगलेले नाही.

पहाटपाळी

आपला अनुभव महत्त्वाचा आहे आणि त्यात आपली चूक म्हणावे असे काही नाही. वजन वाढणे हे लक्षण आहे, परंतु न वाढणे ही खात्री नाही. काही वेळा तर अंगातले एकूण पाणी फारसे न वाढताही फुफ्फुसांवरचा भार वाढतो. त्यामुळे वहीत वजनाच्या शेजारी दोन शब्द दम आणि झोप यांविषयीही लिहावेत, असे मी सुचवते. भूक मंदावलेल्या रुग्णाचे कोरडे वजन प्रत्येक भेटीत नव्याने ठरवून घ्यावे.

निळी वही (सोमवार, रात्री)

आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टी पाहिल्या. काटा त्याच फरशीवर आहे. मी स्वतः त्यावर उभा राहिलो, तर माझे वजन नेहमीचेच भरले. वडिलांना विचारल्यावर, शनिवारपासून त्यांनी दुसरी उशी घेतल्याचे कळले. मान अवघडते म्हणून घेतली, असे ते म्हणाले. तिसऱ्या प्रश्नाने मात्र मला खजील केले. गुडघा दुखतो म्हणून ते मागच्या सोमवारपासून घरात पडून असलेल्या जुन्या पाकिटातली डायक्लोफेनॅकची गोळी दिवसातून दोनदा घेत होते. हृदयाच्या गोळ्यांशी तिचा संबंध नाही, असे समजून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ती गोळी तत्काळ बंद करायला सांगितली, लघवीच्या गोळीचे प्रमाण तीन दिवसांसाठी वाढवून दिले आणि क्रिएटिनीन, सोडियम व पोटॅशियम गुरुवारी तपासायला सांगितले. वजन त्याआधी आणखी वाढले किंवा दम वाढला, तर थेट दाखल व्हायचे आहे.

पहाटपाळी

मला हीच शंका होती. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा परिणामही कमी होतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. गुडघ्यासाठी काय चालेल, हे त्याच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

निळी वही (शुक्रवार, सकाळी)

नोंदी कळवतो: मंगळवार ६३.१, बुधवार ६२.५, गुरुवार ६१.९, आज ६१.७. काल रात्री ते एका उशीवर झोपले. रक्ताचा अहवाल डॉक्टरांनी पाहिला आणि गोळी आजपासून पूर्वीच्या प्रमाणात घ्यायला सांगितली. एक प्रश्न मात्र उरला आहे. आजचे वजन ६१.२ पेक्षा अर्धा किलो जास्त आहे. हे उरलेले पाणी समजावे, की महिनाभराच्या चांगल्या जेवणाने खरोखरच वाढलेले वजन?

सरळरेषा

६१.२ वर येईपर्यंत जादा गोळी चालू ठेवायला हवी होती, असे मला वाटते.

पहाटपाळी

मी तसे म्हणणार नाही. आकडा गाठण्यासाठी गोळी ओढत नेली, तर अंगातले आवश्यक पाणीही निघून जाते आणि उभे राहिल्यावर अंधारी येऊ लागते. अर्धा किलो कशाचा आहे, हे वहीवरून सांगता येणार नाही. मानेच्या शिरा, फुफ्फुसांचा आवाज आणि पाय पाहूनच डॉक्टर ते ठरवू शकतील. पुढच्या भेटीला वही सोबत न्यावी आणि नवे कोरडे वजन कोणते धरायचे, हे त्यांच्याकडून पहिल्या पानावर लिहून घ्यावे. तोपर्यंत ६१.७ च्या वर सलग दोन-तीन दिवस आकडा चढत गेला, तर कार्डावरची मर्यादा येण्याची वाट न पाहता कळवावे.

निळी वही

भेट येत्या गुरुवारी आहे. पहिले पान कोरे ठेवले आहे. घरातली जुनी औषधे काढून वेगळ्या डब्यात ठेवली आहेत, तो डबाही सोबत नेतो.