चष्म्यावरची चकाकी पुसली म्हणून पासपोर्टचा फोटो नाकारणं योग्य आहे का?

नेहा, न्यू जर्सी

आईच्या भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण इथूनच करायचं होतं म्हणून एका स्टुडिओत फोटो काढला. डाव्या काचेवर दिव्याची चकाकी आली होती, ती त्यांनी कॉम्प्युटरवर पुसून दिली. डोळ्यांखालची वर्तुळंही थोडी हलकी केली. अर्ज परत आला, फोटो चालणार नाही म्हणून. चेहरा आईचाच आहे, उलट डोळा आता आधीपेक्षा स्पष्ट दिसतोय. मग आक्षेप कसला? मला तर हा नुसता कागदी काटेकोरपणा वाटतो.

स्टुडिओवाला, मिरज

ताई, मी तुमच्या बाजूने आहे. पासपोर्ट साईझ फोटो हाच माझा धंदा. गिऱ्हाईक उन्हातून येतं, चेहरा तेलकट असतो, गालावर कालची पुटकुळी असते. तेवढं साफ करून दिलं तर कुणाची फसवणूक होते? बँक, कॉलेज, नोकरीचा अर्ज, सगळीकडे असेच फोटो जातात आणि कुणी तक्रार करत नाही. चकाकीचं तर मला उलटच वाटतं. त्यांनाच डोळे स्वच्छ दिसायला हवे असतात, आणि आम्ही तेच करून देतो. शर्टावर कोट-टाय चिकटवणं किंवा रंग दोन शेड उजळ करणं मला पटत नाही, ते मी करत नाही. पण डाग काढणं आणि माणूस बदलणं यात फरक आहे की नाही?

प्रशांत, पुणे

एवढा घोळ कशाला? पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो न्यायचाच नसतो, काउंटरवर तिथलीच माणसं काढतात. माझा गेल्या वर्षी तसाच झाला. चष्मा काढायला लावला, फोटो स्क्रीनवर दाखवला आणि विषय संपला. चार वर्षांखालच्या मुलांचा तेवढा फोटो बरोबर न्यावा लागतो. आधारचा फोटोही केंद्रातच काढतात.

नेहा, न्यू जर्सी

प्रशांत, ते भारतात. इथून अर्ज करताना फोटो आपणच द्यावा लागतो.

अनिरुद्ध, म्युनिक

मी चेहरा ओळखण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काचेवर जिथे झगझगीत पांढरा डाग येतो तिथे कॅमेऱ्याने मागचं काही टिपलेलंच नसतं. त्या पांढऱ्याखाली डोळा लपलेला नाही की पुसला आणि बाहेर आला. म्हणजे तिथे आता जो डोळा दिसतोय तो दुसरीकडून आणलेला आहे. बहुतेक वेळा उजवा डोळा उचलून, उलटा करून डावीकडे बसवतात, किंवा आसपासची त्वचा ओढून पापणीची कड हाताने काढतात. नेहाताई, मूळ फाईल आणि दुरुस्त केलेली फाईल शेजारी ठेवा आणि बुबुळात दिव्याचा जो बारीक ठिपका चमकतो तो बघा. दिवा एकच असेल तर तो ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडतो. डोळा उलटा करून चिकटवला असेल तर दोन्हीकडचे ठिपके नाकाच्या दिशेला किंवा दोन्हीकडचे कानाच्या दिशेला दिसतील.

आता मोजमाप. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. त्यात दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ११० पिक्सेल आणि एक बुबुळ जेमतेम २० पिक्सेल. तीसेक पिक्सेलचा डाग म्हणजे अख्खं बुबुळ गेलं. सॉफ्टवेअर चेहरा सरळ करताना आणि त्याचा आकार ठरवताना डोळ्यांच्या जागांवर फार विसंबतं. चिकटवलेला डोळा पाच पिक्सेल खाली बसला तर त्याच्या लेखी सगळा चेहरा अडीच अंश कलला. माणसाच्या नजरेला हे जाणवतही नाही.

नेहा, न्यू जर्सी

आत्ताच दोन्ही फायली मोठ्या करून बघितल्या. ठिपके खरंच दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूला आहेत. आणि आईची डावी पापणी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंचित खाली आलेली आहे, ती या फोटोत उजवीसारखीच सरळ दिसतेय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आईच्याही नाही.

स्टुडिओवाला, मिरज

डोळा चिकटवणं चूक, हे मान्य. पण सगळी चकाकी अशी झगझगीत नसते. काचेवर फिकट हिरवी-जांभळी झाक येते, तिच्या मागचा डोळा दिसत असतो. तिथे फक्त रंग जरा दाबला तर नवीन काही आणलेलं नसतं. आणि वर्तुळं, पुटकुळी यांबद्दल काही बोलला नाहीत.

वैशाली, डोंबिवली

पुटकुळीवरून सांगते. माझ्या भावाला कोड आहे, हनुवटीवर आणि एका डोळ्याभोवती पांढरे डाग आहेत. दुबईच्या नोकरीसाठी व्हिसाचा फोटो काढला तेव्हा स्टुडिओवाल्याने न विचारता सगळा चेहरा एकसारखा करून दिला. त्याला वाटलं आपण उपकार करतोय. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने फोटो बघितला, भावाकडे बघितलं, परत फोटो बघितला आणि त्याला बाजूला बसवलं. चूक दुसऱ्याची, आणि सगळ्या रांगेसमोर त्यानेच आपल्या चेहऱ्याचा खुलासा द्यायचा. कुठला डाग जाणारा आणि कुठला राहणारा हे एडिट करणाऱ्याला कसं कळणार? म्हणून माझ्या मते हात लावायचाच नाही.

देवदत्त, नागपूर

वैशालीताई, तुमचं म्हणणं पटतं, पण सरसकट बंदीही मला पटत नाही. माझ्या चष्म्याचा नंबर उणे बारा आहे. चष्म्याशिवाय मी कधी घराबाहेर पडत नाही, माझ्या सहकाऱ्यांनीही मला तसं पाहिलेलं नाही. जाड काचांमुळे डोळे बारीक दिसतात आणि चकाकी हमखास येते. अधिकाऱ्यासमोर मी चष्मा लावूनच उभा राहणार, तर फोटो बिनचष्म्याचा कशासाठी? चकाकी पुसून चष्म्यासकट फोटो दिला तर तो माझ्या रोजच्या चेहऱ्याच्या जास्त जवळचा असेल.

अनिरुद्ध, म्युनिक

देवदत्त, तुमची अडचण खरी आहे, आणि सगळे देश इथे सारखे वागत नाहीत. अमेरिकेने १ नोव्हेंबर २०१६ पासून त्यांच्या पासपोर्टच्या फोटोत चष्मा बंद केला. ब्रिटनमध्ये आणि इथे जर्मनीत चष्मा चालतो, पण डोळे पूर्ण दिसले पाहिजेत आणि चकाकी नको. परदेशातल्या भारतीय वकिलातींनी सप्टेंबर २०२५ पासून नियम कडक केले, त्यात चष्मा काढा आणि सॉफ्टवेअरने फोटोत बदल करू नका, असं दोन्ही आहे. पण तुमच्या उदाहरणातच एक मुद्दा दडलाय. उणे बाराची काच डोळे लहान करून दाखवते आणि काचेच्या कडेला गालाची रेषा आत सरकलेली दिसते. उद्या चष्मा बदलला, लेन्स लावल्या किंवा ऑपरेशन केलं, तर तो फोटो तुमच्याशी जुळणं कठीण. पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. समोर उभं राहताना चष्मा काढता येतो, फोटोतला काढता येत नाही.

आता स्टुडिओवाल्या भाऊंचा प्रश्न. खरं सांगायचं तर हलकी त्वचा-सफाई आजच्या चांगल्या सॉफ्टवेअरला फारशी फसवत नाही. ई-पासपोर्टच्या चिपमध्ये फोटो साधारण १५-२० किलोबाइटपर्यंत दाबून ठेवतात, त्यात बारीक पोत तसाही बराच जातो. तरीही मनाई आहे, आणि त्यामागे मॉर्फिंग हे मोठं कारण आहे. दोन माणसांचे चेहरे मिसळून असा फोटो बनवता येतो जो दोघांशीही जुळतो. बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. २०१८ मध्ये जर्मनीतल्या पेंग नावाच्या कार्यकर्त्यांच्या गटाने आपल्यातल्या एकीचा आणि युरोपीय संघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र प्रतिनिधी फेडेरिका मोगेरिनी यांचा चेहरा मिसळून खरोखर पासपोर्ट मिळवला. म्हणजे एक पासपोर्ट आणि वापरणारे दोन.

असं मिश्रण पकडायचं तर फोटोतला दाणा बघतात, कॅमेऱ्याच्या सेन्सरची ती बारीक खरखर. मिसळलेल्या जागी ती तुटलेली किंवा गुळगुळीत झालेली सापडते. डोळ्याखाली ब्रश फिरवला की तिथेही ती नेमकी तशीच होते. तुमचा हेतू चांगला आणि त्यांचा वाईट, पण फाईलमध्ये दोन्हीच्या खुणा सारख्या. तपासणाऱ्यापुढे फक्त फाईल असते. पूर्ण फोटोवर एकसारखा केलेला बदल, म्हणजे कापणं, सरळ करणं, पांढरा समतोल साधणं, यात हा प्रश्न येत नाही. चेहऱ्याच्या एखाद्या भागावर केलेलं काम हाच वादाचा भाग आहे. काचेवरची फिकट झाक दाबणंही त्यातच येतं.

स्टुडिओवाला, मिरज

दाण्याची गोष्ट समजली, विचार करण्यासारखी आहे. तरी एक प्रश्न राहतोच. हल्ली लोक मोबाईलवर काढलेला फोटो घेऊन येतात, आणि फोन स्वतःहूनच गाल गुळगुळीत करतो. ब्युटी मोड बंद केला तरी थोडंफार करतोच. तो फोटो पास होतो आणि माझ्या कॅमेऱ्यातल्या फोटोवर मी एक पुटकुळी काढली तर नापास, हा कुठला न्याय?

अनिरुद्ध, म्युनिक

याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. फोन आत काय करतो ते बाहेरून ठरवणं कठीण आहे. इथे मे २०२५ पासून अर्जदाराने आणलेला कागदी फोटो घेणंच बंद केलंय. फोटो कार्यालयात काढायचा, नाहीतर नोंदणी केलेल्या छायाचित्रकाराकडून सुरक्षित मार्गाने थेट कार्यालयात जातो. मधे फाईल कुणाच्या हाती लागतच नाही. त्यामुळे गावातल्या छोट्या स्टुडिओंचं काम कमी होईल ही भीतीही खरी आहे.

वैशाली, डोंबिवली

मला मात्र तोच मार्ग बरा वाटतो. माझ्या भावाचा फोटो तसा थेट गेला असता तर त्याला बाजूला बसावं लागलं नसतं.

देवदत्त, नागपूर

थेट फोटोला माझीही हरकत नाही. पण काउंटरवरच्या माणसाकडे दिवा हलवायला वेळ असेल का, हा माझा प्रश्न कायम आहे. स्टुडिओत निदान कुणीतरी मन लावून फोटो काढतं.

नेहा, न्यू जर्सी

मग मूळचा, चकाकीसकटचा फोटो पाठवू का? तो तर खरा आहे.

स्टुडिओवाला, मिरज

नको ताई, डोळा झाकलेला फोटोही परत येईल. पुन्हाच काढा. चष्मा काढा आणि दहा मिनिटं थांबा, म्हणजे नाकावरचे पॅडचे वळ जातील, नाहीतर तेही पुसायचा मोह होतो. दोन दिवे डोक्यापेक्षा उंच, दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंशावर ठेवायला सांगा आणि समोरचा फ्लॅश बंद. हनुवटीखाली पांढरा कागद धरला की डोळ्यांखालची वर्तुळं फोटोतच हलकी येतात, नंतर ब्रश लागत नाही. कॅमेरा दीड मीटर लांब हवा, जवळून काढला तर नाक मोठं येतं. आणि चष्म्यासकट फोटो चालतो अशा ठिकाणी देवदत्तभाऊंसारख्यांनी चष्म्याच्या काड्या कानावरून अगदी किंचित वर उचलाव्यात. काचा खाली झुकतात आणि चकाकी छातीकडे जाते, डोकं मात्र सरळ ठेवायचं.

पुटकुळीचं माझं मत अजून तेच आहे. पण पासपोर्टच्या फोटोवर यापुढे ब्रश फिरवणार नाही, गिऱ्हाइकाला आठवड्याने या म्हणून सांगेन.